हिरव्या ज्वारीतल्या पाच ओळी

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात अकरावी-बारावीच्या मुलाची जीवशास्त्राची वही उघडली, की ग्लायकॉलिसिसचे पान हटकून सापडते. दहा पायऱ्या, दहा एन्झाइमे, बाणाच्या वर एटीपी आत, बाणाच्या खाली एडीपी बाहेर. हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुवेट कायनेज या तीन नावांभोवती लाल पेनाने गोल. नीटच्या परीक्षेसाठी ही यादी पुरते. पण चयापचयाच्या मार्गाची यादी नावे पाठ करण्यापलीकडे काय सांगू शकते, हे बघायला ग्लायकॉलिसिस मला फार सोयीचे वाटत नाही. तो मार्ग लांब आहे, जवळपास सगळ्या सजीवांत चालतो आणि त्यामुळे कुठल्याही एका ठिकाणी बोट ठेवून 'हे यामुळे झाले' असे दाखवणे अवघड जाते.

मराठवाड्याच्या रानात याहून आखूड मार्ग उभा आहे. ज्वारीचे कोवळे पान स्वतःच्या टायरोसिनपासून धुरिन नावाचे संयुग बनवते आणि ते पान चावले गेले, की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. बनवायला तीन एन्झाइमे लागतात आणि मोडायला दोन. एवढ्या पाच ओळींवरून सांगता येते, की त्याच ताटाचा हुरडा माणूस निर्धास्त का खातो, कोवळे फुटवे खाऊन गाय तासाभरात का मरते, आणि डॉक्टरांच्या दोन इंजेक्शनांनी ती कशी वाचते.

कोवळ्या ज्वारीने जनावर दगावते हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यामागचे रसायन 1902 मध्ये हाती लागले. लंडनमध्ये विंडहॅम डनस्टन आणि टी. ए. हेन्री यांनी ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून धुरिन वेगळे काढले आणि त्याच्या विघटनातून सायनाइड, ग्लुकोज आणि एक सुगंधी अल्डिहाइड मिळते हे दाखवले. म्हणजे यादीचा शेवट आधी कळला. सुरुवात कळायला पुढची सात-आठ दशके गेली.

आता पहिली ओळ. आत जाते टायरोसिन, म्हणजे प्रथिनांत असते तेच अमिनो आम्ल. बाहेर येते एक ऑक्झाइम. काम करणाऱ्या एन्झाइमचे नाव CYP79A1. वहीत बहुतेक मुले इथेच थांबतील. पण ओळीत आणखी चार गोष्टी लिहाव्या लागतात. टायरोसिनच्या एका रेणूबरोबर ऑक्सिजनचे दोन आणि एनएडीपीएचचे दोन रेणू आत जातात, आणि ऑक्झाइमबरोबर कार्बन डायऑक्साइडचा एक व पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात. हे लिहिले की हिशेब तपासता येतो. टायरोसिनमध्ये नऊ कार्बन आहेत, ऑक्झाइममध्ये आठ, आणि नववा कार्बन डायऑक्साइड होऊन गेला. प्रत्येक एनएडीपीएचमागे दोन हायड्रोजन धरून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू मोजले तरी दोन्ही बाजू जुळतात. यादी स्वतः तयार करणाऱ्याने प्रत्येक ओळीला हा अणूंचा जमाखर्च लावावा. जुळला नाही, तर एखादा सहभागी रेणू लिहायचा राहिला आहे हे हमखास समजावे. बहुतेक वेळा राहून जाते ते पाणी.

या ओळीत आणखी एक गोष्ट दडली आहे. टायरोसिनचे ऑक्झाइम एका उडीत होत नाही. आधी त्याच्या नायट्रोजनवर एकदा हायड्रॉक्सिल गट चढतो, मग दुसऱ्यांदा, मग कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाणी निघून जाते. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे बिर्गर लिंडबर्ग मोलर आणि एरिक कॉन यांनी यातला पहिला मधला रेणू, एन-हायड्रॉक्सिटायरोसिन, पकडून दाखवला. इतके मधले रेणू असतील तर तितकीच एन्झाइमे असावीत, असा अंदाज बांधणे साहजिक होते. पुढे नव्वदच्या दशकात कोपनहेगनमध्ये मोलर यांच्या गटाने एन्झाइमे वेगळी केली, तेव्हा ही सगळी कामे एकच एन्झाइम करते असे निघाले. टायरोसिन आत घेतल्यावर ते ऑक्झाइम होईपर्यंत सोडतच नाही. म्हणून यादीतली एक ओळ म्हणजे रसायनातली एक पायरी असे धरू नये. ओळ एन्झाइमची असते, आणि एका एन्झाइमच्या पोटात तीन-चार पायऱ्या असू शकतात. पाठ्यपुस्तकातल्या ग्लायकॉलिसिसमध्ये एक पायरी आणि एक एन्झाइम असा मेळ बसतो, त्यामुळे ही सवय लागते आणि पुढे अडचण करते.

दुसरी ओळही तशीच. ऑक्झाइम आत, CYP71E1 हे एन्झाइम, आणि बाहेर येते हायड्रॉक्सिमॅन्डेलोनायट्राइल. ऑक्सिजन व एनएडीपीएच यांचा इथे एकेक रेणू खर्च होतो आणि पाण्याचे दोन रेणू निघतात. आधी ऑक्झाइममधून पाणी जाऊन नायट्राइल होते, मग शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसतो.

इथे थांबून कार्बनचा माग काढावा, कारण पुढे जे विष सुटणार आहे त्याचा जन्म इथे झाला. सायनाइडमधला नायट्रोजन हा टायरोसिनच्या अमिनो गटाचाच नायट्रोजन आहे, आणि त्याचा कार्बन म्हणजे टायरोसिनमध्ये त्या नायट्रोजनला आधीपासून जोडलेला कार्बन. झाडाने विषासाठी बाहेरून काही आणले नाही. प्रथिनासाठी असलेल्या रेणूतली एक जोडी तशीच ठेवून तिच्या आजूबाजूचे सगळे बदलले. पिकाला नत्र जास्त मिळाले की धोका का वाढतो, याचे अर्धे उत्तर या जोडीत आहे.

हायड्रॉक्सिमॅन्डेलोनायट्राइल टिकाऊ नाही. पेशीतल्या जवळपास उदासीन द्रवात ते आपोआप फुटून सायनाइड सोडते. तिसरी ओळ त्याला कुलूप लावते. UGT85B1 हे एन्झाइम यूडीपी-ग्लुकोजमधले ग्लुकोज घेऊन त्याच हायड्रॉक्सिल गटावर बसवते. यूडीपी बाहेर पडते आणि तयार होते धुरिन. ग्लुकोज जोडलेले असेपर्यंत हा रेणू शांत राहतो.

तिसरी ओळ गाळली तर काय होईल, हे कोपनहेगनच्याच गटाने करून पाहिले. 2001 मध्ये त्यांनी ज्वारीची ही तिन्ही जनुके अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा झाडात घातली. ते झाड एरवी धुरिन बनवत नाही. आता ते बनवू लागले आणि त्याची पाने खाणाऱ्या एका जातीच्या भुंगेऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली. पुढे 2005 मध्ये पहिली दोनच जनुके घातलेली झाडे तपासली, तर ती खुरटली होती आणि त्यांच्या पेशींतले इतर व्यवहार विस्कटले होते. तिन्ही जनुके असलेली झाडे मात्र जवळपास निरोगी वाढली. तीन एन्झाइमे एकत्र असली तर मधले घातक रेणू मोकळे राहत नाहीत. ज्वारीत पहिली दोन एन्झाइमे पेशीतल्या अंतःप्रद्रव्य जालिकेच्या पडद्यावर रुतलेली असतात आणि तिसरे द्रवातले असूनही त्यांना खेटून काम करते. म्हणून ओळीत 'कुठे' हा रकाना हवाच.

मोडण्याच्या दोन ओळी धरून पूर्ण यादी अशी होते:

```
1. टायरोसिन → ऑक्झाइम
   CYP79A1 | कुठे: जालिकेचा पडदा | आत: 2 ऑक्सिजन, 2 एनएडीपीएच
   बाहेर: कार्बन डायऑक्साइड, 3 पाणी | मुख्य नियंत्रण इथे
2. ऑक्झाइम → हायड्रॉक्सिमॅन्डेलोनायट्राइल
   CYP71E1 | कुठे: जालिकेचा पडदा | आत: ऑक्सिजन, एनएडीपीएच | बाहेर: 2 पाणी
3. हायड्रॉक्सिमॅन्डेलोनायट्राइल → धुरिन
   UGT85B1 | कुठे: पेशीद्रव, जालिकेला खेटून | आत: यूडीपी-ग्लुकोज | बाहेर: यूडीपी
   --- साठा: पानाच्या बाहेरच्या थराच्या पेशींत ---
4. धुरिन → हायड्रॉक्सिमॅन्डेलोनायट्राइल
   धुरिनेज | कुठे: हरितलवक | आत: पाणी | बाहेर: ग्लुकोज
5. हायड्रॉक्सिमॅन्डेलोनायट्राइल → सायनाइड
   नायट्राइल लायेज | कुठे: फुटलेल्या पेशी | बाहेर: हायड्रॉक्सिबेन्झाल्डिहाइड
```

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधली रेघ या यादीतली सर्वांत महत्त्वाची जागा आहे, आणि तिथे एकही एन्झाइम नाही. धुरिन साठते पानाच्या अगदी बाहेरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकेत. त्याला फोडणारे धुरिनेज असते आतल्या हिरव्या पेशींच्या हरितलवकात. उभ्या पिकात दोघांची गाठ पडत नाही, म्हणून ज्वारी स्वतःच्या विषाने मरत नाही. जनावराने पान चावले, किंवा पान ठेचले गेले, की भिंती फुटतात आणि चौथी-पाचवी ओळ काही मिनिटांत धावून जाते. पाचवीला तर एन्झाइमची फारशी गरजही नसते. लायेजमुळे वेग वाढतो इतकेच.

दाण्याबद्दलचा प्रश्नही इथेच सुटतो. कणसातला दाणा पक्व होत जातो तसे त्यातले धुरिन जवळपास संपते. फोडायलाच काही नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आगटीवर भाजलेला हुरडा असो की वर्षभराची भाकरी, या मार्गाचा त्याच्याशी संबंध येत नाही.

आता नियंत्रण. ग्लायकॉलिसिसच्या वहीत लाल गोल केलेल्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला एटीपी वाढल्याचे लगेच कळते आणि ते तिथल्या तिथे मंदावते. हा ब्रेक सेकंदांत लागतो. धुरिनच्या मार्गातला ब्रेक वेगळ्या जातीचा आहे. इथे मुख्यतः पहिल्या एन्झाइमचे जनुक किती चालू आहे, यावर सगळे ठरते, आणि ते बदलायला तास-दिवस लागतात. दोन्ही प्रकारांना यादीत नुसते 'नियंत्रण' लिहिले तर मोठी माहिती हरवते. ब्रेक कोण लावतो आणि तो किती वेळात लागतो, हे दोन्ही लिहावे.

पहिला ब्रेक वयाचा. उगवल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत CYP79A1 सर्वांत जोरात चालते. पुढे झाड वाढते तसे नवे धुरिन बनणे कमी होते, आणि आहे ते मोठ्या झाडात विरळ होते. म्हणून वैरणीची ज्वारी, म्हणजे कडवळ, फुलोऱ्यात आल्यावर कापावी असे सांगितले जाते. गुडघाभर पिकात जनावर सोडू नये हा जुना नियमही यातूनच येतो.

दुसरा ब्रेक नत्राचा, आणि त्यात एक बारकावा आहे. कोपनहेगनच्याच प्रयोगशाळेने 2002 मध्ये दाखवले, की अगदी कोवळ्या रोपांना नायट्रेट दिल्याने धुरिनमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण तिथे मार्ग आधीच पूर्ण वेगाने चाललेला असतो. मोठ्या झाडांना नायट्रेट दिले तर मात्र पहिल्या एन्झाइमचे जनुक पुन्हा जागे होते आणि धुरिन वाढते. शेताच्या भाषेत सांगायचे तर, पीक मोठे झाले म्हणून धोका गेला असे समजून वर युरिया टाकला आणि लगेच वैरण कापली, तर वयाने लावलेला ब्रेक नत्राने पुन्हा काढून घेतलेला असू शकतो.

तिसरा पाण्याचा. मराठवाड्यात हाच सगळ्यांत जास्त भोवतो. पावसाने ओढ दिली की ज्वारीची वाढ थांबते, पण धुरिन तिथेच राहते किंवा वाढते, त्यामुळे किलोमागे त्याचे प्रमाण चढते. पीक वयाने मोठे पण उंचीने खुरटे राहते, आणि वय मोजणारा शेतकरी फसतो. त्याहून वाईट वेळ येते दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात. कापलेल्या किंवा वाळलेल्या धांडाच्या बुडातून हिरवेगार फुटवे येतात. ते जुन्या मुळावरचे असले तरी चयापचयाच्या दृष्टीने उगवत्या रोपाइतके कोवळे असतात, म्हणजे पहिली ओळ पुन्हा जोरात सुरू. आणि जनावर महिनाभर वाळल्या काडीवर असते, त्याला बांधावरचा तो हिरवा घास टाळणे शक्य नसते. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. असा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पाऊस ज्वारीच्या मुलखात आला, की या मार्गाला लागणाऱ्या सगळ्या अटी एकाच आठवड्यात जुळून येतात.

पहिली ओळ हाच मार्गाचा दरवाजा आहे याचा थेट पुरावाही आहे. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रसायनाने उत्परिवर्तन घडवलेल्या ज्वारीच्या झाडांतून एक वाण शोधले. CYP79A1 मधले एकच अमिनो आम्ल बदलले होते आणि पानांत धुरिन अजिबात नव्हते. ही रोपे सुरुवातीला थोडी सावकाश वाढत. त्याचे कारणही चयापचयातच असावे, असे मला वाटते, कारण ज्वारी धुरिनमधला नत्र गरजेला परत घेऊन वापरू शकते. म्हणजे धुरिन हे विष आहे तसा तो नत्राचा साठाही आहे, आणि यादीला खालून वर जाणारी एक बारीक वाटही काढावी लागते.

आता गाईच्या पोटात. माणूस किंवा डुक्कर यांच्या जठरात आम्ल असते आणि त्यात वनस्पतीचे धुरिनेज बरेचसे निकामी होते. रवंथ करणाऱ्याच्या पहिल्या पोटात, रुमेनमध्ये, आम्लता सौम्य असते, पाणी भरपूर असते आणि कोट्यवधी जिवाणू असतात. त्या जिवाणूंकडे ग्लुकोज तोडणारी स्वतःची एन्झाइमे आहेत. म्हणजे यादीची चौथी ओळ इथे दोन ठिकाणांहून चालते, चावलेल्या पानातल्या एन्झाइमने आणि जिवाणूंच्याही. पाचवी आपोआप होते. म्हणून गाय, म्हैस, शेळी यांना घोड्या-डुकरांपेक्षा धोका जास्त.

एक हिशेब करून पाहू. जीव घेणारा डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम सायनाइड असा धरतात. गाय 300 किलोची असेल तर 600 मिलिग्रॅम. हिरव्या वैरणीत किलोमागे 200 मिलिग्रॅम सायनाइड सुटण्याइतके धुरिन असेल, तर ती वैरण धोक्याची मानतात. भागाकार केला की उत्तर येते 3 किलो. भुकेल्या गाईला 3 किलो हिरवा चारा म्हणजे काहीच नाही. उलट बाजूने पाहू. धुरिनचा रेणुभार 311 आणि हायड्रोजन सायनाइडचा 27, म्हणजे धुरिनच्या वजनातले जेमतेम नऊ टक्के सायनाइड होऊन सुटते. 600 मिलिग्रॅम सायनाइडसाठी सुमारे 7 ग्रॅम धुरिन लागते. एवढ्या वैरणीत विखुरलेले सात ग्रॅम डोळ्याला दिसणार नाहीत, चवीला कळणार नाहीत.

हा हिशेब वेगाबद्दल मात्र गप्प आहे. गाईच्या यकृतात सायनाइड निकामी करणारे एन्झाइम असतेच, त्याचे नाव रोडॅनीज. तेच 3 किलो दिवसभरात थोडे थोडे पोटात गेले, तर येणारे सायनाइड रोडॅनीज तेवढ्याच वेगाने संपवू शकते आणि काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटांत गेले, तर आवक जावकीला मागे टाकते. एकाच शेतात चरलेल्या चार जनावरांपैकी एकच का मेले, याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते: ते सर्वांत उपाशी होते.

पुढे सायनाइड दुसऱ्याच एका यादीत शिरते, आणि ती यादी अकरावीच्या त्याच वहीत दोन पाने पुढे आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या शेवटच्या जागी सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देते. सायनाइड त्यातल्या फेरिक अवस्थेतल्या लोहाला चिकटतो आणि हा शेवटचा बाण अडतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, पण पेशीला तो वापरता येत नाही. त्यामुळे जनावर जोरजोरात श्वास घेते, लाळ गळते, अंग थरथरते, तोल जातो, कोसळते, झटके येतात. सुरुवात चरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकते. रक्त लालभडक दिसते, नीलेतलेसुद्धा, कारण पेशींनी त्यातला ऑक्सिजन घेतलेलाच नसतो.

रक्ताचा हा रंग डॉक्टरांसाठी फार मोलाची खूण आहे, कारण त्याच ज्वारीत, त्याच दुष्काळात, त्याच युरियामुळे आणखी एक विष साठते: नायट्रेट. रुमेनमध्ये त्याचे नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते आणि रक्त ऑक्सिजन वाहूच शकत नाही. धापा टाकणे, कोसळणे दोन्हीकडे सारखे. पण तिथे रक्त चॉकलेटी तपकिरी असते. इथे चूक झाली तर उपचारच मारक ठरतो, आणि का ते यादी सांगते.

सायनाइडच्या विषबाधेत डॉक्टर शिरेतून आधी सोडियम नायट्राइट देतात. ते मुद्दाम थोडे हिमोग्लोबिन मेथहिमोग्लोबिनमध्ये बदलते. त्यातले लोह फेरिक असते, म्हणजे सायनाइडला आवडणारेच. सायनाइड सायटोक्रोम सोडून त्याच्याकडे ओढला जातो आणि साखळीचा शेवटचा बाण मोकळा होतो. मग सोडियम थायोसल्फेट. रोडॅनीजला लिहायची ओळ अशी: आत सायनाइड आणि थायोसल्फेट, बाहेर थायोसायनेट आणि सल्फाइट. थायोसायनेट लघवीवाटे जाते. एन्झाइम गाईकडे पुरेसे असते, कमी पडते ते गंधक, आणि इंजेक्शन नेमके तेवढेच पुरवते. पण नायट्रेटने आजारी जनावराला सोडियम नायट्राइट दिले तर जे विष अंगात आहे तेच आणखी दिल्यासारखे होते. तिथे मेथिलीन ब्ल्यू लागते. म्हणून ही औषधे घरी ठेवून टोचण्याची नाहीत. जनावरांच्या दवाखान्याला फोन करताना ते काय खाऊन आले, पीक केवढे होते आणि खत कधी टाकले, हे सांगितले तरी डॉक्टरांचा वेळ वाचतो. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारी परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तेव्हा संशयित चारा तपासून घ्यायचा तर मार्ग विचारायला जागा दूर नाही.

चारा तपासण्याची जुनी पद्धतही याच यादीवर उभी आहे. पाने बारीक चिरून बाटलीत घालतात, क्लोरोफॉर्मचे थोडे थेंब टाकतात, म्हणजे पेशींच्या भिंती सुटून चौथी ओळ सुरू होते. सोडियम पिक्रेटमध्ये भिजवलेली गाळणकागदाची पिवळी पट्टी पानांना न लागता वर लटकवून बूच लावतात. सायनाइड वायूरूपात वर चढला की पट्टी नारिंगी आणि मग विटकरी होते. कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असल्याने हे काम प्रयोगशाळेतलेच. आणि पट्टी काय मोजते हे विसरू नये: पानातून किती सायनाइड सुटू शकतो ते. शेतातल्या एका कोपऱ्यातली पाने तपासली आणि फुटवे दुसऱ्या कोपऱ्यात असले, तर पिवळी राहिलेली पट्टी खोटा धीर देते. नमुना सर्वांत कोवळ्या, सर्वांत खुरट्या जागेतून घ्यावा.

कडबा सुरक्षित असतो तो मुख्यतः पक्व ज्वारीचा असतो म्हणून. उन्हात वाळताना काही सायनाइड उडून जातो हे खरे, पण पान पटकन वाळले तर धुरिन आणि धुरिनेज एकमेकांना भेटण्याआधीच पाणी संपते आणि चौथी ओळ अडून राहते. ते वाळके पान रुमेनमध्ये भिजले, की ओळ तिथे पूर्ण होते. म्हणून कोवळी ज्वारी कापून दोन दिवस ऊन दिले की झाले, या समजुतीवर मी विसंबणार नाही.

याच यादीची पहिली ओळ स्वयंपाकघरातही येऊ शकते. दाण्यात धुरिन नसले तरी दाणा भिजवून मोड आणले, की कोंब वाढताना CYP79A1 चालू होते आणि त्या कोंबात धुरिन साठू लागते. मुगा-मटकीचे मोड आणि ज्वारीचे मोड यांत हा फरक आहे. ज्वारीचे माल्ट करणारे म्हणूनच मोड वाळवल्यावर कोंब आणि मुळे चोळून काढतात आणि उरलेल्या दाण्याचेच पीठ करतात. ज्वारीचे मोड कच्चे, कोशिंबिरीसारखे खाऊ नयेत, लहान मुलांना तर मुळीच देऊ नयेत.